फुगलेल्या बाटल्या दाखवायच्या का?

*ताई, नमस्कार. दापोली तालुक्यात आमचा अमृतकोकमाचा लहानसा व्यवसाय आहे. दिवाळीपर्यंत वेबसाइट सुरू करायची आहे. ती करून देणारा मुलगा म्हणतो, ‘आमची गोष्ट’ म्हणून दोन मिनिटांचा व्हिडिओ टाका आणि सुरुवातीला काय फसलं तेही सांगा. पहिल्या वर्षी लोकांना गोड कमी हवं म्हणून मी साखर दोन किलोवरून एक किलोवर आणली. पुण्याला पाठवलेल्या 240 बाटल्यांतल्या बऱ्याच मे महिन्यात दुकानातच फुगल्या. सगळा माल परत आणला, बांगड्या गहाण ठेवून पैसे दिले. दुकानदारानं व्हॉट्सॲपवर पाठवलेले फोटो अजून आहेत. दुसऱ्या वर्षी लेबलं सुटली. तिसऱ्या वर्षी चुलतदीर भागीदारीतून बाहेर पडले, ते कडवटपणानंच. शिवाय पहिल्या हंगामात आमची अन्न परवान्याची नोंदणीही नव्हती. आता पिंपातल्या वरच्या आणि खालच्या, दोन्ही रसांतली साखर रिफ्रॅक्टोमीटरवर मोजल्याशिवाय आम्ही बाटली भरत नाही. यजमान म्हणतात, आपल्याच हातानं आपली अब्रू वेशीवर कशाला टांगायची? मसुदा जोडलाय. वाचायला सात मिनिटं लागतात. काय ठेवू, काय काढू?*

*— एक वाचक, दापोली तालुका*

बाटल्या ठेवा. लेबलं, दीर आणि बांगड्या काढा. नोंदणीचं शेवटी बोलू, ते प्रकरण वेगळं आहे.

तुमच्या चारही गोष्टी खऱ्या आहेत, पण खरी आहे एवढ्यावर एखादी गोष्ट अशा व्हिडिओत बसत नाही. मी तीन गोष्टी बघते. फसण्याचं नेमकं कारण तुम्हाला सापडलंय का? त्यानंतर कामाच्या पद्धतीत असं काही बदललंय का, जे आज कॅमेऱ्याला दाखवता येईल? आणि चूक तुमची स्वतःची आहे का? बाटल्यांचं प्रकरण तिन्हींत उतरतं. साखर कमी पडली हे कारण, रिफ्रॅक्टोमीटर हा बदल, आणि साखर कमी करायचा निर्णय तुमचाच. लेबलं सुटणं म्हणजे गोंद बदलला आणि विषय संपला, त्यात ऐकणाऱ्याला घेण्यासारखं काही नाही. दिरांच्या बाबतीत कारण काय होतं हे तुम्ही एक सांगाल, ते दुसरं सांगतील, आणि त्यांना उत्तर द्यायला त्या व्हिडिओत जागा नाही. गावात उद्या समोरासमोर यायचंय तुम्हाला.

बांगड्यांबद्दल तुम्हाला वाईट वाटेल, म्हणून थोडं सविस्तर सांगते. तुमच्या मसुद्यात तो परिच्छेद सगळ्यात चांगला लिहिलाय. तरीही तो काढा. बांगड्या ऐकल्या की माणसाला तुमची दया येते, आणि दयेपोटी कुणी एखादी बाटली घेईलही. पण कोकम पोटात जाणारी वस्तू आहे. घेणाऱ्याला जाणून घ्यायचंय की ही बाटली फुगेल की नाही, आणि बांगड्यांचं दुःख त्याचं उत्तर देत नाही. उलट दोन मिनिटांतली पंचवीस सेकंदं खातं. पुढे कधी कुणी तुमची मुलाखत घेतली तर तिथं जरूर सांगा.

आता यजमानांचं म्हणणं. ते निम्मं बरोबर आहे. खाण्यापिण्याच्या धंद्यात चूक सांगणं हे कपड्याच्या किंवा फर्निचरच्या धंद्यात सांगण्याइतकं सोपं नाही. ‘आमच्या बाटल्या फुगल्या’ एवढंच ऐकून माणूस व्हिडिओ बंद करून गेला, तर त्याच्या डोक्यात तेवढंच राहतं. त्यामुळे फुगलेली बाटली दाखवल्यावर वीस-पंचवीस सेकंदांच्या आत ती का फुगली हे यायला हवं, आणि त्यानंतर लगेच तुम्ही मालाचं काय केलं हे. त्या दोन्हींच्या मध्ये ‘ते दिवस आठवले की आजही अंगावर काटा येतो’ वगैरे काहीही नको. यजमानांना हा क्रम दाखवा. त्यांची भीती चूक कबूल करण्याची कमी आणि अर्धवट कबूल करण्याची जास्त असावी, असा माझा अंदाज आहे.

एक जुनं उदाहरण देते, कारण ते तुमच्या कामाच्या जवळचं आहे. लिज्जत पापडाची सुरुवात सगळ्यांना पाठ असते: 1959 साल, गिरगाव, सात बायका, उसने घेतलेले 80 रुपये. पण त्यातला मला आवडणारा भाग पुढचा आहे. पहिल्याच वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून त्यांना चार महिने काम बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. पापड खाटेवर पसरायचे, स्टोव्ह खाटेखाली ठेवायचा, बाहेर पाऊस पडो नाहीतर ऊन. यात जिद्द, संघर्ष, स्वप्न यातला एक शब्द नाही, तरी त्या बायका कशा होत्या ते कळतं. फसलं काय, कशामुळे, आणि त्यावर कोणती वस्तू आणली. तुमची खाट आणि स्टोव्ह म्हणजे तो रिफ्रॅक्टोमीटर. तो मसुद्यात पाचव्या मिनिटाला येतो आणि अर्ध्या वाक्यात निघून जातो, हे मला सगळ्यात जास्त खटकलं.

मसुद्यातल्या आणखी चार जागा दाखवते.

सुरुवात. ‘लहानपणापासूनच मला स्वयंपाकाची आवड होती, आजीच्या हाताची चव…’ अशी स्क्रिप्ट आली की मी चहा ठेवायला उठते. आजी वाईट नाही, पण ती प्रत्येक मसालेवाल्याकडे, लोणचेवाल्याकडे आणि पापडवाल्याकडे असते. फुगलेल्या बाटलीचा फोटो मात्र फक्त तुमच्याकडे आहे. त्यानंच सुरुवात करा.

‘बाटल्यांचा स्फोट झाला.’ झाला का खरंच? दुकानदाराच्या फोटोत तर बाटलीचं बूड फुगून ती फळीवर कलंडलेली दिसते, आणि झाकणाशी फेसाचं कडं आहे. हे स्फोटापेक्षा जास्त बोलकं आहे. प्लास्टिकची बाटली आतल्या वायूनं आधी बुडाशीच फुगते, मग ती सरळ उभी राहत नाही. ज्याच्या घरात कधी सरबत आंबलंय त्याला हे बघताक्षणी ओळखू येईल. प्रसंग वाढवून सांगितला की बघणाऱ्याला शंका येते, आणि ज्या व्हिडिओचा सगळा भार खरेपणावर आहे तिथं ते परवडणारं नाही.

‘फुगलेली बाटली उघडून मोजली तर ब्रिक्स फक्त 52 निघाला.’ ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं शेकडा प्रमाण. हे वाक्य काढाच. तुम्ही खोटं लिहिलेलं नाही, पण जाणकाराच्या हाती सापडाल. सरबत आंबतं म्हणजे त्यातले यीस्ट साखर खाऊन वायू आणि थोडी दारू तयार करतात. म्हणजे बाटली फुगेपर्यंत काही साखर खर्च झालेली असते. शिवाय दारू मिसळली की रिफ्रॅक्टोमीटरचा आकडा साखरेचा म्हणून धरता येत नाही. भरताना त्या बाटलीत किती होतं ते आता कुणालाच कळणार नाही. फळाच्या सिरपला आपल्याकडे किमान 65 ब्रिक्सची अट आहे. तुमचं प्रमाण बघता तुम्ही त्याच्या खाली होता एवढं सांगितलं तरी पुरे.

आणि शेवटची ओळ: ‘शंभर टक्के शुद्ध, घरगुती आणि पित्तावर रामबाण.’ वेबसाइटवरचा व्हिडिओ ही जाहिरातच असते. अन्नपदार्थांच्या जाहिरातींसाठी 2018 चे वेगळे नियम आहेत, त्यात रोग बरा करण्याचे दावे चालत नाहीत आणि ‘घरगुती’सारखे दिशाभूल करू शकणारे शब्दही टाळायला सांगितलेत. तुमचं काम आता शेडमध्ये, पिंपांमध्ये चालतं, ते घरगुती राहिलेलं नाही आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. नियम बाजूला ठेवले तरी दीड मिनिट प्रामाणिक बोलून शेवटी रामबाण म्हटलं की आधीच्या दीड मिनिटावर पाणी पडतं.

सात मिनिटांचं दोन मिनिटांवर कसं आणायचं? शब्द मोजून. कॅमेऱ्यासमोर सावकाश, थांबत बोललं तर मिनिटाला शंभर ते सव्वाशे मराठी शब्द होतात. मध्ये काही सेकंद नुसतं दृश्य राहू द्यायचं असतं, म्हणजे बोलायला दोनशे-सव्वादोनशे शब्दच हातात राहतात. तुमच्या मसुद्यातल्याच गोष्टी घेऊन मी एक रूप करून पाहिलंय. शब्द तुमच्या तोंडी बसतील तसे बदला, क्रम मात्र शक्यतो हाच ठेवा. कंसात काय दिसेल ते आहे.

(दुकानदाराचा फोटो, पडदाभर. चार सेकंद कुणी बोलत नाही.)

‘हा फोटो पुण्याच्या एका दुकानदारानं मला मे महिन्यात पाठवला. बाटली आमचीच आहे. बूड फुगलंय, म्हणून ती फळीवर उभी राहत नाही.’

(तुम्ही, शेडमध्ये बसलेल्या.)

‘आमचं ते पहिलं वर्ष. एक किलो रातांब्याच्या सालीला दोन किलो साखर, हे सासूबाईंचं प्रमाण. चाखणारे म्हणाले, फार गोड होतंय. मी साखर निम्मी केली. चव छान आली. 240 बाटल्या पुण्याला पाठवल्या.

कोकमाचं सरबत साखरेवरच टिकतं, हे मला माहीत नव्हतं. साखर कमी पडली की ते आंबतं, आत वायू धरतो, आणि मग असं होतं.’

(दुसरा फोटो: झाकणाजवळचा फेस.)

‘काही बाटल्या चांगल्या दिसत होत्या. पण त्यातली कुठली उद्या फुगेल ते मला सांगता येईना. म्हणून दुकानात उरल्या होत्या तेवढ्या सगळ्या परत आणल्या आणि दुकानदारांचे पैसे दिले.’

(हात. काचेवर एक थेंब पडतो, झाकण मिटतं.)

‘हा रिफ्रॅक्टोमीटर. एक थेंब टाकायचा, उजेडाकडे धरून बघायचं.’

(भिंगातून: निळ्या-पांढऱ्याची सीमारेषा.)

‘रेघ 68 च्या वर असेल तरच आम्ही बाटली भरतो. पिंपाच्या तळाशी साखर जास्त असते, वर कमी. म्हणून वरचा थेंब आणि खालचा थेंब वेगळा मोजायचा. आकडे जुळेपर्यंत ढवळायचं.’

(लेबलवर पेनानं आकडा लिहिणारा हात.)

‘तो आकडा आम्ही प्रत्येक बाटलीवर लॉट नंबरच्या खाली लिहितो.

सरबत अजून तसंच गोड आहे. कमी गोड हवं असेल, तर पाणी जास्त घाला.’

(तुमचं नाव, गाव, व्यवसायाचं नाव. बस.)

इथं काही वाक्यांबद्दल बोलायला हवं.

‘काही बाटल्या चांगल्या दिसत होत्या’ हे मी मुद्दाम घातलंय. तुमच्या मसुद्यात ‘बऱ्याच बाटल्या फुगल्या’ असं आहे, आणि लक्ष देऊन ऐकणारा विचारणारच: मग सगळ्या का नाही? उत्तर तुमच्या आजच्या पद्धतीतच आहे. पिंपातला रस न ढवळता भरला तर वरच्या पातळ रसाच्या बाटल्या आधी आंबतात आणि खालच्या दाट रसाच्या टिकतात. तेव्हा तुम्ही ढवळत नव्हता असं मी धरून चालले आहे. तसं नसेल, म्हणजे बाटल्या धुऊन ओल्याच भरल्या असतील किंवा आणखी काही कारण असेल, तर ते सांगा. जे कारण तुम्हाला ठाऊक आहे तेवढंच. अंदाज असेल तर ‘आमचा अंदाज’ म्हणा.

‘कुठली उद्या फुगेल ते मला सांगता येईना’ हे माझ्या मते सगळ्या स्क्रिप्टमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे. सगळा माल परत आणला हे सांगताना लोकांचा कल औदार्य मिरवण्याकडे जातो: आमच्यासाठी ग्राहक देव आहे, वगैरे. तुम्ही माल परत आणलात कारण तुमच्याकडे मोजायचं साधन नव्हतं आणि चांगली बाटली वाईट बाटलीपासून वेगळी काढता येत नव्हती. हे कारण जास्त साधं आहे, आणि त्यातूनच रिफ्रॅक्टोमीटर आपोआप पुढे येतो. ‘यातून आम्ही हा धडा शिकलो’ असं वेगळं म्हणावंच लागत नाही.

बाटलीवर आकडा लिहिण्याचं मी माझ्या मनानं घातलंय. आज तुम्ही तसं करत नसाल तर दोनच रस्ते आहेत. एकतर ते वाक्य गाळा, नाहीतर आधी आकडा लिहायला लागा, हंगामभर लिहा आणि मग व्हिडिओत सांगा. व्हिडिओपुरता एका बाटलीवर लिहून दाखवणं नको. माझा सल्ला विचाराल तर लिहायला लागा. पेनानं दोन अंक लिहायला वेळ तो काय लागतो, आणि घेणाऱ्याच्या हातात काहीतरी येतं: तुम्ही बोललात ते बाटलीवर आहे की नाही, हे तो स्वतः बघू शकतो.

‘गेल्या पाच वर्षांत एकही तक्रार नाही’ हे मी मसुद्यातून घेतलं नाही. आज ते खरं असेल. व्हिडिओ तीन-चार वर्षं तसाच राहणार, आणि एखादा झाकण सैल लागलेला खोका निघाला की तेच वाक्य तुमच्या अंगावर येईल. ‘68 च्या वर असेल तरच भरतो’ हे कायम खरं ठेवणं मात्र तुमच्या हातात आहे.

आणि शेवटचं, पाणी जास्त घालायचं. कमी गोड हवं ही लोकांची मागणी चुकीची नव्हती, तिचं उत्तर बाटलीत शोधलं ही चूक झाली. उत्तर पेल्यात होतं. तुमच्या मसुद्यात हे कुठंच नव्हतं. मला ते व्हिडिओचा शेवट करायला चांगलं वाटलं, कारण त्यात वापरायची कृतीही आली आणि थोडं हसूही.

आता चित्रीकरण. तुमचं पत्र जुलैतलं आहे. रातांबे मे अखेरीस संपले, पुढचे एप्रिलशिवाय मिळायचे नाहीत. त्या मुलानं ‘ताज्या फळांचे शॉट हवेत’ म्हणून हट्ट धरला तर इंटरनेटवरचे कुणाच्या तरी बागेतले लालबुंद रातांबे लावू देऊ नका. या व्हिडिओला त्यांची गरजही नाही. दुकानदाराचे दोन फोटो, तुमचा चेहरा, तुमचे हात, पिंप आणि भिंग एवढ्यात तो पुरा होतो. ते फोटो अंधुक आहेत, एक तिरका आहे, त्यावर वेळेचा शिक्का आहे. तसेच राहू द्या. त्यांना उजळ करून, कापून, सजवून घेतलं की ते मागाहून बनवल्यासारखे दिसतील. दुकानाचं नाव किंवा कुणाचा फोन नंबर दिसत असेल तर तेवढंच झाका. आणि फुगलेली बाटली ‘पुन्हा करून’ दाखवू नका. फोटो पुरतात. पुढच्या एप्रिलमध्ये साली पसरतानाचं, साखरेचे थर लावतानाचं चित्रण करून ठेवा, ते नंतर घालता येईल.

बोलायचं पाठ करू नका. ही स्क्रिप्ट पाठ करून म्हटलीत तर ती शाळेतल्या भाषणासारखी वाटेल, आणि माणूस पाठ केलेलं बोलताना डोळे वर नेतो ते कॅमेऱ्यात लगेच दिसतं. घरातल्या कुणाला तरी, शक्यतो ज्यांना त्या वर्षीचं सगळं माहीत आहे अशांना, फोनच्या शेजारी बसवा. त्यांनी विचारायचं, तुम्ही त्यांच्याकडे बघून सांगायचं. प्रश्न असे असावेत: तो फोटो आला तेव्हा तुम्ही काय करत होता? पहिली बाटली उघडली तेव्हा काय झालं? वास कसा होता? साखर निम्मी करायचं कुणी सुचवलं? उत्तरात प्रश्नातलं थोडं परत घ्यायचं, म्हणजे ‘आंबूस’ एवढंच न म्हणता ‘पहिली बाटली उघडली तर आंबूस वास आला’ असं पूर्ण वाक्य, कारण प्रश्न नंतर कापला जाणार. वीस मिनिटं बोला. त्यातून वरच्या क्रमात दोन मिनिटं निवडायची. तुमच्या तोंडून माझ्या वाक्यापेक्षा चांगलं वाक्य हमखास निघेल, तेव्हा माझं टाकून द्या.

आवाजाकडे चित्रापेक्षा जास्त लक्ष द्या. जुलैत कोकणात पत्र्याच्या शेडखाली पाऊस लागला की काहीही ऐकू येत नाही, आणि तो आवाज नंतर काढता येत नाही. उघडीप बघून घ्या किंवा कौलारू खोलीत बसा. पंखा आणि फ्रीज बंद, कॉलरला लावायचा साधा वायरचा माइक, फोन हातभर लांब आणि स्टँडवर. दिवा लावण्यापेक्षा खिडकीकडे तोंड करून बसणं बरं. खिडकी पाठीशी आली तर तुम्ही काळ्या दिसाल. आणि खाली मराठी अक्षरं हवीतच, कारण बरेच लोक बसमध्ये, ऑफिसात आवाज बंद ठेवूनच बघतात.

भिंगातला शॉट त्या मुलाला अवघड वाटेल, पण जमतो. रिफ्रॅक्टोमीटर स्टँडला बांधून खिडकीकडे रोखायचा आणि फोनची लेन्स त्याच्या डोळ्याशी टेकवून थोडी पुढेमागे करायची, म्हणजे आकडे स्पष्ट येतात. फक्त तुमचा सिरपचाच रिफ्रॅक्टोमीटर दिसू द्या, साधारण 58 ते 90 पर्यंत आकडे असलेला. त्या मुलाकडे किंवा कुणा बागायतदाराकडे असलेला 0 ते 32 चा, पिकलेल्या फळाचा रस बघायचा, सुबक दिसतो म्हणून तो वापरू नका. त्यावर 68 हा आकडाच नसतो. हे शंभरात एकाला कळेल, पण तो एक बहुधा प्रक्रिया उद्योगातलाच निघतो.

आता नोंदणी. पहिल्या हंगामात नोंदणीशिवाय विकलं ही सांगायची गंमत नव्हे, तो नियमभंग आहे. ‘तेव्हा तर आमच्याकडे लायसन्ससुद्धा नव्हतं’ असं हसत सांगणारे व्हिडिओ मी पाहिलेत. त्यात प्रामाणिकपणापेक्षा बेफिकिरी दिसते, तीही खाण्याच्या वस्तूबद्दल. त्यामुळे ते व्हिडिओत नको. पण उलट बाजूही सांभाळा. ‘पहिल्या दिवसापासून परवानाधारक’ असं साइटवर, पत्रकात, कुठंही येऊ देऊ नका. आजचा नोंदणी क्रमांक लेबलवर आहे तसा साइटवर द्या, सुरुवातीच्या तारखेसकट फुशारकी मारू नका. कुणी थेट विचारलंच तर खरं सांगा.

दिरांना मात्र व्हिडिओ सुरू करण्याआधी एकदा दाखवा. त्यात त्यांचं नाव नाही, उल्लेख नाही, तरी 240 बाटल्यांच्या वर्षी ते तुमचे भागीदार होते आणि गावाला ते माहीत आहे. ‘साखर मी निम्मी केली’ या वाक्यात ‘मी’ आहे, त्यानं त्यांच्यावर काही येत नाही, हे त्यांनी स्वतः ऐकलेलं बरं. निर्णय दोघांचा असेल तर ‘आम्ही’ म्हणा, पण ते विचारून.

आणखी एक शक्यता धरून ठेवा. व्हिडिओ लागल्यावर पुण्याहून कुणी लिहील की त्या वर्षी आमच्याकडेही एक बाटली फुगली होती, आम्ही ती फेकून दिली. दुकानातून माल परत आणला तरी आधी विकल्या गेलेल्या बाटल्या लोकांच्या घरी असणारच, हे यजमानांनाही आधीच सांगून ठेवा. उत्तरात खुलासा नको, बिल मागणं नको. पत्ता विचारा आणि या हंगामातली एक बाटली पाठवा, आकडा लिहिलेली.